ठपका पाण्याला, श्रेय तेलाला

प्रश्न: बाळ साडेपाच महिन्यांचं आहे. मी सध्या माहेरी, कोल्हापुरातच आहे. आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी मालिश झाल्यावर रोज दोन्ही कानांत दोन-दोन थेंब तेल सोडतात. चार दिवस बाळाला सर्दी होती, काल रात्रभर रडलं आणि आज सकाळी उजव्या कानातून पिवळं पाणी आलं. आई म्हणते आंघोळीचं पाणी गेलं, मावशी म्हणतात तेल कमी पडलं, नणंद म्हणते मी झोपून पाजते म्हणून दूध कानात गेलं. नक्की काय झालं असेल आणि आता काय करू?

उत्तर:

बाळाला आजच्या आज कान-नाक-घसा तज्ज्ञांना किंवा तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खासगीत जायचं नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात न्या. तोवर त्या कानात काहीही घालायचं नाही. तेल नाही, अंगावरचं दूध नाही आणि कपाटात कुणाचे तरी उरलेले कानाचे थेंब असतील तर तेही नाहीत. बाहेर आलेलं पाणी धुतलेल्या मऊ सुती कापडानं टिपा, पण कापसाचा बोळा आत कोंबून ठेवू नका. वाहणाऱ्याला वाहू द्या.

आता तिघींच्या म्हणण्याकडे येते. मी बावीस वर्षं इथं कान तपासते आहे आणि हे तिन्ही निकाल माझ्यासमोर आठवड्यातून दोनदा तरी मांडले जातात. तिघींपैकी नणंद खऱ्याच्या थोडी जवळ आहे, पण तिचाही नेम चुकलाय.

पेठेतलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. रस्त्याच्या बाजूला सोपा, मध्ये माजघर आणि मागून परड्याकडे जाणारा बोळ. कानाचंही तसंच आहे. बाहेरून दिसणारं भोक आणि आतली नळी म्हणजे सोपा. त्याच्या शेवटी पातळ पण सलग पडदा असतो, हे माजघराचं कायम बंद असलेलं दार. माजघर म्हणजे मधला कान. आणि त्या माजघराला एक मागचा बोळ आहे, तो नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या अंगाला उघडतो. मधल्या कानात हवा या बोळातूनच येते. मोठ्या माणसात हा बोळ लांब आणि उतरता असतो. तान्ह्या बाळात तो जवळजवळ निम्म्या लांबीचा आणि बराचसा आडवा असतो. त्यामुळे सर्दी झाली की नाकामागचे जंतू त्या आखूड, आडव्या वाटेनं मधल्या कानात सहज पोचतात, आणि सुजेनं बोळ बंद झाला की आत साचलेलं पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही.

म्हणजे बाळाचा कान दुखला आणि वाहिला, तर बहुतेक वेळा चोर परड्यातून आलेला असतो. घरचे मात्र सोप्यात उभे राहून पाहत असतात, म्हणून पाणी आणि तेल यांच्याबद्दल बोलतात. पडदा धड असेल तर आंघोळीचं पाणी माजघरात पोचतच नाही. वरून घातलेलं तेलही पोचत नाही, त्यामुळे आतलं दुखणं त्यानं बरं होण्याचा प्रश्नच येत नाही.

मग तेलानं आराम पडतो असं इतक्या जणी शपथेवर का सांगतात? खोटं कुणीच बोलत नाही. गेल्या आषाढात आलेलं एक बाळ सांगते, म्हणजे लक्षात येईल.

सात महिन्यांचा मुलगा, वजन सात किलो. बुधवारी नाक गळायला लागलं. शुक्रवारपर्यंत नाक चोंदलं, अंगावर प्यायला घेतलं की दोन घोट घेऊन तोंड सोडून रडायचा. शनिवारी रात्री ताप १०१ आणि किंचाळून रडणं. आडवा केला की जास्त, खांद्यावर उभा धरला की थोडं कमी. रात्री एकच्या सुमाराला आजीनं पळीत खोबरेल घेतलं, दोन लसणाच्या पाकळ्या तडतडवल्या, निवू दिलं आणि दोन्ही कानांत सोडलं. पहाटे चारला रडणं थांबलं. सकाळी उठून बघतात तर उशीवर रुपयाएवढा पिवळा डाग आणि पोर शांत झोपलेलं.

आजी मला म्हणाल्या, "बघा की, तेलानं घाण भाईर काढली न्हवं? आता फकस्त वाहायचं थांबवा."

झालं असं होतं की मधल्या कानात पू साचून पडद्यावर दाब वाढत होता. दुखणं त्या ताणाचं होतं. पहाटे पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं, पू बाहेर आला, ताण सुटला आणि पोर झोपलं. तेल घातलं नसतं तरी हेच झालं असतं. पण तेल आधी घातलेलं, आराम नंतर पडलेला, म्हणून श्रेय तेलाला गेलं. तुमच्याकडेही काल रात्रभर रडणं आणि सकाळी पाणी, हाच क्रम आहे. आज बाळ कालच्यापेक्षा शांत असेल तर माझा अंदाज आणखी पक्का होतो. मात्र शांत झालं म्हणून दाखवायचं लांबवू नका. दुखणं थांबलंय, जंतू गेलेले नाहीत.

त्या मुलाचा कान तपासताना मला पहिली वीस मिनिटं तेलच काढावं लागलं. कानाच्या दुर्बिणीतून पडदा दिसायला हवा, तिथं तेल, मळ आणि पू यांचा काला झालेला. बारीक नळीनं तो ओढून घेतला तेव्हा पडदा दिसला. लाल, फुगलेला, आणि त्याच्या खालच्या भागात एका बिंदूतून नाडीच्या ठोक्याबरोबर पू डोकावत होता. असं दिसलं की निदानाला दुसरं काही लागत नाही. तेलानं बरं होत नाही एवढंच असतं तर मी इतकी भांडले नसते, पण ते तपासणीच्या आड येतं. शिवाय पडद्याला भोक असेल तेव्हा वरून घातलेलं काहीही माजघरात जाऊ शकतं.

तेलाचे आणखी दोन उपद्रव आहेत. आंघोळीचा ओलावा आणि तेलाचा थर नळीत राहिला की कोल्हापूरच्या पावसाळ्यात तिथं बुरशी धरायला वेळ लागत नाही. आत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी दिसतं, त्यावर कधी काळे ठिपके. बाळ डोकं उशीवर घासतं, कानाशी हात नेतं. हे दुखणं पडद्याच्या बाहेरचं असतं, त्याचा सर्दीशी संबंध नसतो आणि त्याचा इलाजही वेगळा. दुसरा उपद्रव तापमानाचा. कान शरीराच्या उष्णतेपेक्षा गरम किंवा गार द्रवाला फार संवेदनशील असतो, आतलं तोल सांभाळणारं यंत्र लगेच ढवळतं आणि बाळाला गरगरतं. ते सांगू शकत नाही, फक्त रडतं किंवा ओकतं. पळीतलं तेल मनगटावर सोसलं म्हणजे कानातल्या कातडीला सोसेल असंही नसतं. लसणाच्या तेलानं पोळलेली नळी मी पाहिली आहे.

नाकात तेल सोडण्याची पद्धत तर आजच बंद करा. ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नाक चोंदलं असेल तर दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब पाजण्याआधी घालतात, ते वापरा.

"मग मळ कसा निघायचा?" हा मावशींचा पुढचा प्रश्न असेल. कानाची नळी स्वतःला झाडते. तिची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेला हळूहळू सरकत असते आणि मळाला घेऊन येते. भोकाच्या तोंडाशी आलेला मळ ओल्या कापडाच्या टोकानं पुसायचा, बस. कापसाची काडी, केसातला आकडा किंवा कापडाची कडक वळी आत घातली की मळ उलट आत ढकलला जातो, आणि बाळानं मान झटकली तर पडद्याचं काय होईल ते सांगायला नको.

मावशींना दुखवायचं नसेल तर त्यांच्या हाताला काम द्या. तेल कानाच्या पाळीला, कानामागच्या घडीला आणि मानेला चोळू दे. कानामागची घडी खरोखरच लक्ष देण्याजोगी जागा आहे. तिथं दूध, घाम आणि तेल साचून कातडी चिरते, चिकट पिवळट पाणी येतं आणि वास सुटतो. कान वाहतोय म्हणून आणलेल्या बाळांपैकी काहींना प्रत्यक्षात हेच असतं. म्हणून तुम्हीही आज एकदा कान हलकेच पुढे करून मागची घडी बघा. पाणी भोकातून येतंय की घडीतून, हे डॉक्टरांना सांगता आलं तर बरं. घडी रोज धुऊन कोरडी करायची, आणि आता चिरलेली असेल तर बरी होईपर्यंत तिथंही तेल नको.

आंघोळीबद्दल माझं म्हणणं असं. पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या आपल्या पद्धतीत काही वाईट नाही, मलाही तशीच घातली आहे. फक्त डोक्यावर पाणी घेताना तांब्यानं धार सोडण्याऐवजी ओंजळीनं किंवा ओल्या फडक्यानं घ्या, कारण धारेनं नाकातोंडात पाणी जाऊन बाळ ठसकतं. कानात चार थेंब गेले तर कूस बदलून एक मिनिट धरा, कानाचं बाहेरचं टोक टॉवेलनं टिपा. कानात फुंकर मारायची गरज नाही, फुंकणाऱ्या मोठ्या माणसाच्या तोंडातले जंतूच बाळाकडे जातात. हे सगळं धडधाकट कानासाठी झालं. तुमच्या बाळाच्या कानात आता बहुधा भोक आहे, त्यामुळे डॉक्टर पडदा भरला असं सांगेपर्यंत पाणी आत जाता कामा नये. अंग नेहमीसारखं धुवा. केस धुवायचे त्या दिवशी कापसाच्या गोळ्याला बाहेरून व्हॅसलिन चोळून तो कानाच्या तोंडाशी बसवा आणि आंघोळ होताच काढून टाका.

न्हाण्यानंतर शेगडीवर ओवा-लसणाच्या सालीची धुरी देतात, तीही थांबवा. धुरानं नाकाचं आणि त्या मागच्या बोळाचं अस्तर सुजतं. सिगारेट, चूल, उदबत्ती यांचंही तेच. घरातल्या कुणी बाहेर गॅलरीत ओढून येऊन बाळाला घेतलं तरी कपड्यांचा धूर यायचाच.

आता नणंदेचा मुद्दा. दूध "कानात जातं" ते बाहेरून गालावर ओघळून नव्हे. तसं ओघळलं तर सोप्यातच राहतं, फक्त पुसून घ्यायचं. प्रश्न असतो मागच्या बोळाचा. बाळ सपाट उताणं आणि तोंडात बाटली असेल तर दूध चोखलं नाही तरी ठिबकत राहतं, घशामागे साचतं आणि आडव्या बोळात शिरू शकतं. सर्दीत हे जास्त. सगळ्यात वाईट म्हणजे उशीचा टेकू देऊन बाटली तोंडात सोडून देणं. अंगावरचं दूध बाळानं ओढल्यावरच येतं, म्हणून रात्री कुशीवर झोपून पाजण्याला मी हरकत घेत नाही. तुम्ही फक्त बाळाचं डोकं आपल्या दंडावर घेऊन अंगापेक्षा थोडं उंच ठेवा, त्याचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं असू द्या, आणि पिऊन झाल्यावर पाच-दहा मिनिटं खांद्यावर धरा. टाके दुखतात म्हणून बसता न येणाऱ्या आईला "उठून बसूनच पाज" म्हणणं मला क्रूर वाटतं. आईचं दूध पिणाऱ्या बाळांना कानाची दुखणी एकूणात कमी होतात, त्यामुळे नणंदेच्या बोलण्यानं पाजणं कमी करू नका. वरचं दूध देत असाल तर बाळाला मांडीत अर्धवट बसवून, पाठ कोपराच्या आधारावर तिरकी ठेवून वाटी-चमच्यानं द्या. बोंडलं वापरत असाल तर उताण्या बाळाच्या तोंडात धार सोडू नका. ठसका तिथंच लागतो. गुटीलाही हाच नियम.

तुम्ही काल रात्री दही किंवा केळं खाल्लंत म्हणून हे झालं, असं अजून कुणी म्हणालं नसेल तर उद्या म्हणेल. तसं काही नसतं, तुम्ही नेहमीसारखं जेवा.

डॉक्टर काय करतील ते सांगते. कान पुसून पडदा बघतील. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, त्यामुळे मधल्या कानाचा संसर्ग दिसला तर प्रतिजैविक लगेच सुरू करतात. मोठ्या मुलात कधी दोन-तीन दिवस वाट बघतात, तशी इथं बघत नाहीत. ते जितके दिवस लिहून देतील तितके दिवस द्या, तिसऱ्या दिवशी कान कोरडा दिसला म्हणून बाटली बंद करू नका. ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वजनावर देतात. वर सांगितलेल्या सात किलोच्या मुलाला एका वेळी १०० मिलिग्रॅम बसत होतं. लहान बाळांच्या थेंबांच्या बाटलीत ते १ मिलिलिटरमध्येच असतं, तर सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे सिरपच्या सवयीनं थेंबांचं औषध चमचाभर दिलं तर पाचपट डोस जातो. तुमच्या बाळाचं आजचं वजन करून घ्या, आणि नेमकी कुठली बाटली, किती मिलिलिटर, किती तासांनी हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

घरी तुम्हाला करायचं काम म्हणजे वात. धुतलेल्या सुती कापडाचा बोटभर तुकडा पिळून मऊ टोकदार वात करा. तान्ह्या बाळाची पाळी हलकेच खाली आणि मागे ओढली की नळी सरळ होते. वात भोकाच्या तोंडाशी ठेवा, रेटायची नाही. ती पाणी शोषून घेते. ओली झाली की टाका, नवी घ्या, कोरडी निघेपर्यंत. दिवसातून किमान तीनदा. थेंब लिहून दिले असतील तर ते वात झाल्यावर घालायचे, पुवावर थेंब घालून ते आत पोचत नाहीत. उरलेले जुने थेंब नको म्हटलं त्याचं कारण असं, की काही थेंबांतलं औषध पडद्याला भोक असताना आतल्या कानाला इजा करू शकतं.

दोन-तीन दिवसांत ताप उतरायला हवा, बाळ नीट प्यायला हवं आणि वाहणं कमी व्हायला हवं. तसं झालं नाही तर परत दाखवा. कानामागे लाल सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, बाळ सुस्त पडलं, पिणं सोडलं, सारखं ओकायला लागलं, टाळू फुगली किंवा झटका आला, तर मात्र रात्र असो की पहाट, थेट दवाखाना गाठा. आणि कान दोन आठवड्यांनंतरही वाहत राहिला तर "वाहून घाण जाऊ दे" म्हणून बसू नका. तो जुनाट होण्याच्या वाटेवर असतो, त्याचे उपचार वेगळे.

त्या आषाढातल्या मुलाचं वाहणं पाचव्या दिवशी थांबलं. पंधराव्या दिवशी बघितलं तेव्हा पडदा भरून आला होता. अशी ताजी बारीक भोकं बहुतेकदा आपोआप भरतात. पण पडद्यामागे पाणी अजून होतं आणि आजी म्हणत होत्या की पोर हाक मारल्यावर उशिरा बघतं. हे पाणी ओसरायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात, त्या काळात ऐकू थोडं कमी येतं. मी औषध वाढवलं नाही, फक्त दर महिन्याला बोलावलं. तिसऱ्या खेपेला आजींनी तपासणीच्या खोलीत त्याच्या पाठीमागून चमचा वाटीवर वाजवला आणि तो मान वळवून बघायला लागला. तरी मी कानाच्या दाबाची तपासणी करून घेतली, दोन्ही बाजू मोकळ्या आल्या. तुमच्या बाळाचाही कान कोरडा झाल्यावर एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा बघून घ्या. जन्मानंतरची ऐकण्याची चाचणी राहिली असेल तर तीही तेव्हाच होईल. न्यूमोकोकल लशीचे सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस कार्डावर लिहिलेत का ते आज निघताना बघा, नवव्या महिन्याचा अजून व्हायचा आहे.